चेहऱ्यावर थंड पाणी पडताच नाडी का मंदावते? काय आहे ‘डायव्हिंग रिफ्लेक्स’?

थंड पाण्याची बादली अंगावर ओतली की माणूस दचकतो, श्वास अडकतो आणि छाती धडधडू लागते. पण तेच पाणी मोठ्या पातेल्यात घेऊन, श्वास रोखून फक्त चेहरा बुडवला तर काही सेकंदांतच नाडी मंदावते. पाणी तेच, थंडीही तेवढीच, मग परिणाम उलटा का?

याचं उत्तर थंडी शरीराच्या कोणत्या भागाला जाणवली, यात आहे.

चेहऱ्याचा निरोप हृदयापर्यंत कसा पोहोचतो?

कपाळ, डोळ्यांभोवतीची त्वचा आणि नाक यांची संवेदना ‘ट्रायजेमिनल’ ही नस मेंदूपर्यंत नेते. या भागाला अचानक गारवा लागला की तिचा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममध्ये जातो. तिथून ‘व्हेगस’ नसेला आदेश मिळतो. व्हेगस ही हृदयाचा ब्रेक आहे. तिच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडतं आणि हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशी सावकाश चालू लागतात.

त्याच वेळी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. श्वास बंद असताना उरलेला ऑक्सिजन मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवायचा, हा या सगळ्याचा उपयोग. सील माशांच्या मागे तासन्‌तास बुड्या मारतो तो याच व्यवस्थेच्या जोरावर. माणसात ती बरीच सौम्य आहे. नाडी साधारण 10 ते 25 टक्क्यांनी उतरते.

हे मोजता येतं का?

समजा, पातेल्यावर वाकून बसलेल्या एखाद्या निरोगी माणसाची नाडी 15 सेकंदांत 19 वेळा लागली. म्हणजे मिनिटाला 76. आता त्याने श्वास रोखून, कपाळ आणि डोळे बुडतील असा चेहरा 10 ते 15 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 सेकंद ठेवला. शेजारी बसलेल्याने शेवटच्या 15 सेकंदांत मनगटावर 15 ठोके मोजले, तर नाडी मिनिटाला 60 झाली. घट सुमारे 21 टक्के.

पहिलं मोजमापही वाकूनच घ्यावं लागतं, कारण बसण्याची पद्धत बदलली तरी नाडी बदलते. हाच प्रयोग कोमट पाण्यात केला तर घट कमी दिसते. म्हणजे श्वास रोखण्याचा वाटा थोडा आणि गारव्याचा वाटा वेगळा, हे लक्षात येतं. नळाखाली तोंड धुताना असं काही जाणवत नाही, कारण पाणी फार गार नसतं, ते क्षणभरच लागतं आणि श्वासही चालू असतो.

चेहरा बाहेर काढून श्वास घेतला की नाडी लगेच पूर्ववत होऊ लागते. अ‍ॅसिटिलकोलीनचं झटपट विघटन होतं, त्यामुळे ब्रेक फार वेळ लागून राहत नाही.

डॉक्टर याचा उपयोग कधी करतात?

‘सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया’ म्हणजे एसव्हीटी या त्रासात तान्ह्या बाळाची नाडी मिनिटाला 220 च्या वर जाऊ शकते. बऱ्याचदा विद्युत संदेश हृदयात एका बंद वर्तुळात फिरत राहतो आणि त्या वर्तुळाचा एक टप्पा ‘एव्ही नोड’मधून जातो. रुग्णालयात डॉक्टर ईसीजी चालू ठेवून, बर्फ-पाण्याची पिशवी बाळाच्या कपाळावर आणि डोळ्यांच्या वरच्या भागावर काही सेकंद ठेवतात. नाक-तोंड मोकळं ठेवतात. व्हेगसमुळे एव्ही नोड क्षणभर अडला तर वर्तुळ तुटतं आणि हृदय आपल्या नेहमीच्या लयीत येतं. नाही आलं, तर औषध द्यावं लागतं.

मग थंड पाण्यात उडी मारणं धोक्याचं का?

छाती, पाठ आणि पोटाच्या त्वचेला अचानक थंडी लागली की ‘कोल्ड शॉक’ होतो. धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. अतिशय थंड पाण्यात सूर मारला तर अंग हृदयाला ‘पळ’ म्हणतं आणि श्वास रोखलेला चेहरा ‘थांब’ म्हणतो. माइक टिप्टन आणि मायकेल शॅटॉक या ब्रिटिश संशोधकांनी 2012 मध्ये मांडलं की, या दोन विरुद्ध आदेशांच्या ओढाताणीत हृदयाची लय बिघडू शकते. निरोगी माणसात हा बिघाड बहुधा आपोआप ओसरतो. आधीच हृदयविकार असेल तर तो जीवावर बेतू शकतो.

म्हणून हृदयविकार असलेल्यांनी, मुळात नाडी मंद असलेल्यांनी किंवा वारंवार चक्कर येणाऱ्यांनी पातेल्याचा प्रयोगही करू नये. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर थंड पाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.