घड्याळ सावकाश केले तरी चूक जात नाही, तेव्हा

लोणखेड्यात आम्ही काही मुलांकडून बेरीज करणारे एक छोटे यंत्र तयार करून घेतले होते. मुलांचे दोन गट होते आणि दोघांची आकृती एकच होती. यंत्रात दोन रजिस्टरे होती. प्रत्येकात चार घरे होती आणि एकेका घरात ० किंवा १ हा अंक राहत असे. क्लॉकचा म्हणजे घड्याळाचा स्पंद आला की सगळे अंक एक घर पुढे सरकायचे. शेवटच्या घरांतून बाहेर पडणारे दोन अंक आणि हातचा यांची बेरीज व्हायची. तिचा अंक पहिल्या रजिस्टरात परत जायचा आणि नवा हातचा एका वेगळ्या घरात राहायचा. असे चार स्पंद झाले की बेरीज पूर्ण.

पहिल्या गटाचे यंत्र सेकंदाला एक स्पंद दिला तर अचूक चाले आणि सेकंदाला पन्नास लाख स्पंदांनाही चाले. एक कोटी स्पंद दिले की मात्र बेरीज चुकायची. दुसऱ्या गटाचे यंत्र एक कोटीला चुकायचे, पन्नास लाखाला चुकायचे आणि सेकंदाला एका स्पंदालाही चुकायचे. तेही दर वेळी नव्हे, मधूनच. त्या गटातली एक मुलगी म्हणाली, "सर, एवढं सावकाश चालवूनही ते गोंधळतं, म्हणजे आमची आयसीच खराब असणार." आयसी बदलून पाहिली, पण चूक तशीच राहिली. या दोन चुका वरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांची कारणे एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ती समजली की घड्याळाचा वेग कशावर ठरतो, हेही समजते.

आधी पहिल्या गटाचे यंत्र घेऊ. ज्या घरात अंक राहतो त्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. आम्ही ७४एलएस७४ ही जुनी, स्वस्त आयसी वापरली होती. तिच्या एका तुकड्यात दोन फ्लिप-फ्लॉप असतात. स्पंदाची कड येताच फ्लिप-फ्लॉप आपल्या दाराशी असलेला अंक आत घेतो, पण तो अंक बाहेर दिसायला थोडा वेळ लागतो. या वेळाला क्लॉक-टू-आउटपुट विलंब म्हणतात. माहितीपत्रकानुसार तो जास्तीत जास्त ४० नॅनोसेकंद असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

दुसरीही एक अट आहे. कड येण्याच्या थोडे आधीपासून दाराशी अंक स्थिर असावा लागतो. गाडी सुटताना धावत येणाऱ्याला कंडक्टर घेईलच असे नाही. आधीपासून फलाटावर उभा असणारा मात्र नक्की चढतो. या आगाऊ वेळाला सेटअप काळ म्हणतात. आमच्या आयसीसाठी तो २० नॅनोसेकंद आहे.

या दोहोंच्या मधे असते बेरजेचे तर्कजाळे. नवा हातचा ठरवताना अंक आधी एका एक्सॉर द्वारातून, मग अँड द्वारातून आणि शेवटी ऑर द्वारातून जातो. एलएस जातीच्या या द्वारांना जास्तीत जास्त अनुक्रमे ३०, २० आणि २२ नॅनोसेकंद लागतात. आता सारा प्रवास मोजू. फ्लिप-फ्लॉपमधून बाहेर पडायला ४०, द्वारांतून जायला ७२ आणि पुढच्या दाराशी आगाऊ उभे राहायला २०, असे एकूण १३२ नॅनोसेकंद होतात. दोन स्पंदांमधे निदान इतके अंतर हवेच.

यंत्रात दुसरे मार्गही आहेत. बेरजेचा अंक दोन एक्सॉर द्वारांतून जातो. त्याचा हिशेब ४०, ६० आणि २० मिळून १२० होतो. हातच्याचे घर स्वतःकडेच परत येते तो मार्ग फक्त अँड आणि ऑर यांतून जातो, म्हणून तेथे १०२ पुरतात. पण घड्याळ सर्वांचे एकच असते, त्यामुळे सर्वांत लांबणाऱ्या मार्गासाठी थांबावेच लागते. त्या मार्गाला क्रिटिकल पाथ म्हणजे निर्णायक मार्ग म्हणतात. १३२ नॅनोसेकंदांचे अंतर म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ लाख स्पंद. पन्नास लाखाला दोन स्पंदांत २०० नॅनोसेकंद मिळत होते, म्हणून यंत्र चालले. एक कोटीला १०० च मिळाले आणि हातचा वेळेत पोहोचला नाही. माहितीपत्रकातले आकडे जास्तीत जास्तीचे असल्याने एखादी चपळ आयसी १०० मधेही काम उरकेल. पण तिच्या भरवशावर यंत्र बांधता येत नाही.

आतापर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली, ती म्हणजे स्पंद सर्व घरांत एकाच क्षणी पोहोचतो. शाळेची घंटाही सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येते असे आपण धरतो. पण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, त्यामुळे सत्तर मीटर दूर असलेल्या वर्गात ती सेकंदाचा पाचवा भाग उशिरा पोहोचते. तारेतला विद्युत संकेत फार वेगवान असला तरी एका नॅनोसेकंदात तो साधारण वीस सेंटिमीटरच जातो, आणि वाटेत एखादे द्वार आले तर दहा-पंधरा नॅनोसेकंद सहज जातात. दोन घरांमधे स्पंद पोहोचण्याच्या वेळेत जो फरक पडतो त्याला क्लॉक स्क्यू म्हणतात.

या फरकाने आपला हिशेब बदलतो. समजा, हातच्याच्या घरात स्पंद रजिस्टरांपेक्षा १० नॅनोसेकंद आधी पोहोचतो. घेणारा लवकर दार लावतो आणि देणारा उशिरा निघतो, म्हणून १३२ च्या जागी १४२ हवेत. उलट हातच्याच्या घरात स्पंद १० नॅनोसेकंद उशिरा पोहोचला तर घेणारा थोडा थांबतो आणि १२२ पुरतात. म्हणजे काही वेळा फरक फायद्याचाही ठरतो. मग तो २० केला तर? या मार्गाला ११२ पुरतील. पण बेरजेचा अंक रजिस्टरातून निघून रजिस्टरातच येतो, त्याच्या दोन्ही टोकांना घड्याळ सारखेच, म्हणून त्याला अजूनही १२० हवेत. आता तोच निर्णायक मार्ग झाला. १२ नॅनोसेकंदांच्या पुढे उशीर वाढवून काही मिळत नाही.

आता दुसऱ्या गटाचे यंत्र. तारा लांबल्यामुळे स्पंद दुबळा पडेल अशी या मुलांना भीती वाटली. म्हणून दुसऱ्या रजिस्टराच्या तिसऱ्या व चौथ्या घराकडे जाणाऱ्या घड्याळाच्या तारेत त्यांनी दोन नॉट द्वारे घातली. दोन उलट्यांनी सुलट होते, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण प्रत्येक द्वाराला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे पुढच्या दोन घरांत स्पंद २० नॅनोसेकंद उशिरा पोहोचू लागला.

दुसऱ्या घरातून अंक थेट तिसऱ्या घरात जातो, मधे एकही द्वार नाही. स्पंद येताच दुसरे घर नवा अंक बाहेर टाकते. तो अंक १ असेल तर साधारण १३ नॅनोसेकंदांतच तो तिसऱ्या घराच्या दाराशी दिसतो. तिसऱ्या घराला मात्र तोच स्पंद २० नॅनोसेकंदांनी मिळतो. तोवर जुना अंक दारातून गेलेला असतो आणि त्याच्या जागी पुढचा अंक उभा असतो. दोघांत अवघ्या सात नॅनोसेकंदांचे अंतर असल्याने तिसरे घर कधी जुना अंक घेते, कधी नवा. नवा घेतला तर १ हा अंक एकाच स्पंदात दोन घरे पुढे सरकतो. ० बाहेर यायला साधारण २५ नॅनोसेकंद लागतात, म्हणून तो सहसा निसटत नाही. चूक मधूनच का होत होती, याचे कारण येथे आहे.

कड येऊन गेल्यावरही थोडा वेळ अंक दाराशी टिकावा लागतो. त्याला होल्ड काळ म्हणतात आणि आमच्या आयसीसाठी तो ५ नॅनोसेकंद आहे. तेव्हा नियम असा, की अंक बाहेर पडण्याचा कमीत कमी वेळ हा होल्ड काळ आणि घड्याळाचा उशीर यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. येथे एका बाजूला १३ होते आणि दुसऱ्या बाजूला २५. या नियमात दोन स्पंदांमधल्या अंतराला जागाच नाही, हे लक्षात घ्यायला हवे. शर्यत एकाच स्पंदाच्या दोन प्रतींमधे आहे. पुढचा स्पंद एका सेकंदाने येवो की एका तासाने, तिच्यात काही फरक पडत नाही.

म्हणून बिघाड शोधताना पहिली कसोटी घड्याळ सावकाश करून पाहण्याची. चूक गेली तर निर्णायक मार्ग तपासावा. चूक राहिली तर ज्या दोन घरांमधे तर्कजाळे अगदी थोडे किंवा मुळीच नाही, त्यांच्या घड्याळाच्या तारा पाहाव्यात. मुलांनी दोन्ही नॉट द्वारे काढली आणि यंत्र सुरळीत चालू लागले. ती ठेवायचीच असती तर पहिल्या दोन घरांच्या तारेत घालायला हवी होती, म्हणजे स्पंद आधी पुढच्या घरांत आणि मग मागच्या घरांत पोहोचला असता. त्या जोडणीत दुसऱ्या घराकडून तिसऱ्याकडे जायला ४० आणि २० अधिक द्वारांचा जास्तीत जास्त उशीर ३०, असे ९० नॅनोसेकंद लागले असते. १३२ च्या आत असल्याने घड्याळाचा वेग त्याने कमी झाला नसता.

हाच हिशेब मोठ्या चिपलाही लागू आहे. मुंबईच्या आयआयटीत रचना झालेला आणि २०१९ साली जाहीर झालेला 'अजित' हा प्रोसेसर सेकंदाला ७ ते १२ कोटी स्पंदांवर चालतो. १२ कोटी स्पंद म्हणजे दोन स्पंदांत जेमतेम ८.३ नॅनोसेकंद, आमच्या एका अँड द्वाराच्या वेळेच्याही निम्म्याहून कमी. इतक्या अवधीत प्रत्येक मार्ग पुरा व्हावा लागतो. चिपमधे घड्याळाची तार झाडाच्या फांद्यांसारखी पसरवतात आणि प्रत्येक फांदीवर सारखाच उशीर राहील असे पाहतात. तयार झालेल्या चिपमधे एखादा मार्ग लांब निघाला, तर ती कमी वेगाने वापरता येते. अंक निसटण्याची चूक निघाली, तर वेग कमी करूनही तिचा उपयोग नाही. मुलांसारखी त्यातली दोन द्वारे उपटून काढता येत नाहीत. म्हणून चिप बनवायला धाडण्याआधी प्रत्येक मार्गाचे दोन हिशेब करतात, सर्वांत उशीर किती होईल याचा एक आणि सर्वांत लवकर किती पोहोचेल याचा दुसरा.