वर्षभराची नाडी, एका आलेखात

मनगटावरचं स्मार्टवॉच रोज एक आकडा देतं: विश्रांतीतली नाडी. माणूस निवांत असताना हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात, तो हा आकडा. बहुतेक प्रौढांमध्ये तो ६० ते १०० च्या दरम्यान असतो, नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्याहून कमीही असतो. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. वर्षभराचे आकडे एका रेषेत आले की मात्र ताप कधी येऊन गेला, उन्हाळ्यात नाडी किती चढली, रोज चालायला लागल्यावर ती हळूहळू उतरली का, हे सगळं दिसू लागतं. अट एवढीच की रेषेतला प्रत्येक ठिपका खरोखर मोजलेला असावा. घड्याळाच्या ॲपमधल्या आलेखावरून ते बहुधा कळत नाही, म्हणून कच्च्या नोंदी बाहेर काढून स्वतः तपासाव्या लागतात.

नोंदी बाहेर काढण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. कुणाची फाइल CSV असते, कुणाची JSON. आयफोनवरच्या हेल्थ ॲपमधून `export.xml` नावाची भलीमोठी फाइल मिळते. रूप कुठलंही असो, आपल्याला त्यातून तीनच रकाने हवेत: तारीख, त्या दिवसाची विश्रांतीतली नाडी आणि त्या रात्रीच्या झोपेची मिनिटं. नाडीच्या आलेखात झोपेचं काय काम, हे पुढे येईलच. हे रकाने गूगल शीट्समध्ये `Raw` नावाच्या पानावर ठेवायचे आणि त्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. साफसफाई सगळी दुसऱ्या पानावर.

पहिला घोळ नाडीचा नसून तारखांचा असतो. बऱ्याच फाइलींमध्ये तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी येते. आपली शीट भारतीय पद्धतीवर असेल तर 08/03/2024 म्हणजे ३ ऑगस्ट हा दिवस ती बिनबोभाट ८ मार्च म्हणून वाचते. ऑगस्टमधला ताप मग मार्चमध्ये उगवतो. २०२४ या लीप वर्षाचा हिशेब केला तर १३२ तारखा अशा भलत्याच महिन्यात जाऊन बसतात. ज्यांचा दिवस १२ च्या पुढचा आहे त्या २२२ तारखा शीटला तारीख म्हणून ओळखताच येत नाहीत, त्या नुसता मजकूर म्हणून उरतात. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. रकान्यात दोन्ही दिसले तर फाइल पुन्हा आणावी, पण त्याआधी `File > Settings` मध्ये जाऊन `Locale` हे `United States` करावं. तारखा नीट बसल्या की ते परत भारतीय करता येतं.

आता दुसरं पान. घड्याळाने दिलेल्या तारखांवर आलेख काढायचा नाही, कारण ज्या दिवशी नोंदच नाही तो दिवस फाइलमधून गायब असतो आणि आलेख तो गाळून दोन्ही बाजू जोडून टाकतो. कॅलेंडर आपलं आपण लिहायचं. वर्षाच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन दिवस जास्त घ्यायचे. पुढच्या हिशेबाला ते लागतात. २०२४ साठी `A2` मध्ये हे सूत्र लिहिलं की २९ डिसेंबर २०२३ ते ३ जानेवारी २०२५ असे ३७२ दिवस खाली उतरतात. ते तारखांऐवजी नुसते आकडे दिसले तर रकान्याला `Format > Number > Date` द्यावं.

```
=SEQUENCE(372,1,DATE(2023,12,29),1)
```

`B` रकान्यात त्या तारखेची नाडी आणि `C` मध्ये झोप, दोन्ही `Raw` मधून शोधून आणायची आणि सूत्रं खालपर्यंत ओढायची:

```
B2: =IFERROR(IF(VLOOKUP(A2,Raw!A:C,2,FALSE)<30,,VLOOKUP(A2,Raw!A:C,2,FALSE)),)
C2: =IFERROR(VLOOKUP(A2,Raw!A:C,3,FALSE),)
```

यातला ३० चा उंबरा शून्यांसाठी आहे. न मोजलेल्या दिवसापुढे काही फाइली चौकट रिकामी ठेवत नाहीत, चक्क ० लिहितात. नाडी साधारण ६२ असलेल्या माणसाच्या महिन्यात अशी दहा शून्यं असली की महिन्याची सरासरी ४१ वर येते. ते पाहून घरातलं कुणीही घाबरेल, आणि कारण एवढंच की दहा रात्री घड्याळ टेबलावर होतं. सूत्रात दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. गूगल शीट्समध्ये त्यामुळे चौकट खरोखर रिकामी राहते. नोंद नसलेल्या दिवसाला आपण ‘खंड’ म्हणू.

हा खंड आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरू नये, असं माझं ठाम मत आहे. माणूस घड्याळ काढतो तो बरेचदा आजारपणात, दवाखान्यात, लग्नाच्या धावपळीत किंवा लांबच्या प्रवासात, म्हणजे नाडी नेहमीसारखी नसण्याची शक्यता जास्त असते तेव्हाच. तिथे सरळ रेघ मारली की वर्षातले सगळ्यात वेगळे दिवस सगळ्यात शांत दिसतात.

शून्यापेक्षा फसवा असतो तो सपाट भाग. नवं मोजमाप नसेल तर काही ॲप कालचाच आकडा आज पुन्हा दाखवतात, उद्याही तोच. आलेखात मग आठवडाभर ६३, ६३, ६३ अशी आडवी रेघ दिसते आणि प्रकृती स्थिर असल्याचा भास होतो. आता, पूर्णांकात मोजलेली नाडी तीन-चार दिवस खरोखर सारखी असू शकते, त्यामुळे नुसत्या सारखेपणावरून आकडा बाद करता येत नाही. इथे झोपेचा रकाना साक्षीला येतो. झोपेची नोंद आहे म्हणजे रात्री घड्याळ मनगटावर होतं, आकडा खरा मानायला हरकत नाही. आकडा कालचाच आणि झोपेची नोंद शून्य, तर तो पुढे ओढलेला समजावा. पावलांची साक्ष चालत नाही, कारण खिशातला मोबाइलही पावलं मोजतो आणि बऱ्याच ॲपमध्ये दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात येते. रात्री घड्याळ काढूनच झोपणाऱ्यांना मात्र ही कसोटी उपयोगाची नाही. त्यांनी दिवसभरातल्या नाडीच्या नोंदींची संख्या पाहावी.

उरली उसळी. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते पाहून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात सतत हलत असला की मोजणी चुकते. दिवसातून दोन-तीन तासच, तेही कामाच्या धांदलीत घड्याळ घातलं असेल, तर त्याला माणूस निवांत सापडतच नाही आणि त्यातल्या त्यात कमी आकडा विश्रांतीचा म्हणून नोंदला जातो. एका आठवड्याचे आकडे असे आहेत असं धरू: ६१, ६२, ९४, ६१, ६२, ६०, ६२. सरासरी येते ६६, जी त्या आठवड्यातल्या एकाही दिवसाच्या जवळ नाही. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला, म्हणजे दहावीच्या गणितातला मध्यक काढला, तर तो ६२. एका खोट्या ९४ ने मध्यक हलत नाही. म्हणून प्रत्येक दिवसाची तुलना त्याच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरून काढलेल्या मध्यकाशी करायची, आणि फरक १२ ठोक्यांहून जास्त असेल तर खूण करायची. १ जानेवारी पाचव्या रांगेत येतो, म्हणून सूत्र `D5` पासून `D370` पर्यंत:

```
=IF(B5="","खंड",IF(AND(B5=B4,N(C5)=0),"सपाट",
 IF(ABS(B5-MEDIAN(B2:B8))>12,"उसळी","")))
```

या कसोटीत खरा ताप तर बाद होणार नाही ना, ही शंका रास्त आहे. तापात नाडी वाढतेच. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की साधारण दहा ठोके जास्त पडतात. समजा ऑगस्टमध्ये आकडे ६२, ६२, ६८, ७४, ७३, ७०, ६६ असे गेले. ७४ च्या आजूबाजूचा मध्यक ६८ आहे, फरक सहाचाच. ताप सुखरूप आलेखात राहतो, कारण तो चढायला आणि उतरायला दिवस घेतो. चुकलेलं मोजमाप एका दिवसात येऊन एका दिवसात जातं. तरीही ‘उसळी’ अशी खूण झालेली प्रत्येक रांग डोळ्यांखालून घालावी. त्या रात्रीची झोपही शून्य असेल तर शंकेला जागा नाही. झोप पूर्ण नोंदलेली आणि आकडा मात्र चढलेला, तर तो दिवस आठवून पाहावा. खरा वाटला तर `D` मधली खूण हाताने पुसावी. वीस दिवसांत एकाहून जास्त खुणा होत असतील तर १२ चा उंबरा त्या माणसासाठी तोकडा आहे, तो १५ करावा.

पुढचं काम थोडक्यात होतं. `E` मध्ये खूण नसलेले आकडे, `F` मध्ये सात दिवसांचा मध्यक, तोही निदान चार खरे आकडे असतील तरच:

```
E2: =IF(D2="",B2,)
F5: =IF(COUNT(E2:E8)<4,,MEDIAN(E2:E8))
```

आलेखासाठी `A`, `E` आणि `F` घ्यावेत, पाचव्या रांगेपासून ३७० व्या रांगेपर्यंत. `E` चे नुसते फिकट ठिपके, `F` ची जाड रेघ. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर सगळं वर्ष एका सपाट पट्टीत चेपतं, म्हणून तो ५० ते ८० ठेवावा. ज्याची नाडी या बाहेर जाते त्याने आपापली मर्यादा ठरवावी. `Plot null values` या चौकटीत खूण नको, म्हणजे खंडाच्या जागी रेघ तुटलेली दिसेल. एक्सेलमध्ये सूत्र चौकट खरोखर रिकामी ठेवू शकत नाही, स्वल्पविरामांमधली मोकळी जागा तिथे ० होते. तिथे त्या जागी `""` लिहावं आणि आलेखासाठी `=IF(F5="",NA(),F5)` असा वेगळा रकाना करावा.

आता रेघ वाचताना. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात रात्रीही उकाडा असतो आणि उष्णतेने नाडी काही ठोक्यांनी वर राहते; तो उंचवटा खरा आहे. पण रेघ एका ठरावीक दिवशी चार ठोक्यांनी खाली उतरून तिथेच राहिली, तर आधी घड्याळ कधी बदललं ते पाहावं. विश्रांतीतली नाडी कशाला म्हणायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कुणी झोपेतले ठोके धरतं, कुणी जागेपणीच्या शांत क्षणांचे. व्यायामाने नाडी उतरते ती आठवड्यांमागून आठवडे, एका रात्रीत नव्हे. घड्याळ बदलल्याच्या तारखेला उभी रेघ मारावी आणि दोन्ही बाजूंची तुलना करू नये.

हा आलेख डॉक्टरांना दाखवायचा असेल तर त्याच्याखाली किती दिवस कशामुळे गाळले तेही लिहावं. `=COUNTIF(D5:D370,"खंड")` आणि तसंच बाकी दोन शब्दांसाठी. समजा २१ खंड, ९ सपाट आणि ३ उसळ्या निघाल्या, तर ३६६ पैकी ३३३ दिवस उरले आणि वर्षाची रेघ भरवशाची आहे. पण ते ३३ दिवस बहुतेक एकाच महिन्यात साचले असतील, तर त्या महिन्याबद्दल काही बोलू नये आणि त्याची सरासरीही देऊ नये.