एकाच प्रश्नाची तीन उत्तरं: प्रेक्षकांच्या शंकांवरून मासिक प्रश्नोत्तरांचा भाग कसा करायचा

संशोधनाच्या तयारीवरचे व्हिडिओ करायला लागल्यावर माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "सर, नेटची व्हॅलिडिटी किती?" मी प्रत्येक वेळी एकच उत्तर टाइप करायचो: "आजीवन." एकदा एका मुलीने लिहिलं, "तुमचं उत्तर वाचून मी पीएचडीचा अर्ज पुढच्या वर्षी भरायचं ठरवलं होतं. आता विद्यापीठ म्हणतंय की माझे गुण चालणार नाहीत." माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं. त्यानंतर एकेकाला घाईत उत्तर देणं मी थांबवलं आणि महिन्यातून एक प्रश्नोत्तरांचा भाग करायला सुरुवात केली. तुम्हालाही तुमच्या विषयावर असं काही करायचं असेल, तर माझी पद्धत सांगतो. मुलाखती किंवा प्रश्नावलीतल्या मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण असंच करतात, त्यामुळे हा सराव प्रबंधातही उपयोगी पडेल.

पहिली पायरी गोळा करण्याची. महिन्याच्या १ ते २० तारखेपर्यंत आलेले सगळे प्रश्न मी एका शीटमध्ये उतरवतो. रकाने चारच: तारीख, कोणत्या व्हिडिओखाली आला, प्रश्न जसाच्या तसा आणि माणसाचा क्रमांक. नाव लिहीत नाही. क्रमांक यासाठी, की एकच जण तीन व्हिडिओंखाली तेच विचारतो आणि आपल्याला वाटतं तिघांना शंका आहे. मोजायची माणसं, कमेंट नाहीत. दुसरं म्हणजे वाचताना क्रम 'नवीन आधी' असा ठेवा. 'लोकप्रिय आधी' ठेवला तर जास्त लाइक मिळालेले तेच प्रश्न वर दिसत राहतात आणि खालचे आपण वाचतच नाही.

दुसरी पायरी गठ्ठे पाडण्याची. खरी चूक इथेच होते. मी आधी शब्दांवरून गठ्ठे पाडायचो: 'नेट' आलं की नेटच्या गठ्ठ्यात. आता माझा नियम वेगळा आहे. एकच उत्तर दिल्यावर दोघांचंही काम भागत असेल, तरच ते दोन प्रश्न एका गठ्ठ्यात.

एका महिन्याचं उदाहरण घेऊ. नेटच्या वैधतेबद्दल १७ कमेंट होत्या, माणसं मोजली तर १४. प्रत्येक कमेंट नीट वाचली, आधीची-नंतरची चर्चा पाहिली, तेव्हा तीन वेगळे प्रश्न निघाले. ८ जणांना यूजीसी-नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश हवा होता. ४ जणांना सहायक प्राध्यापक पदासाठी विचारायचं होतं. २ जणांना जेआरएफ मिळाली होती, पण मार्गदर्शक अजून मिळाला नव्हता.

तिघांची उत्तरं वेगळी आहेत. सहायक प्राध्यापकाची पात्रता आजीवन असते. यूजीसीने मार्च २०२४ मध्ये, २०२४-२५ च्या प्रवेशांपासून, नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरण्याची व्यवस्था आणली. तिच्यात जेआरएफ नसलेल्यांचे गुण एक वर्षच चालतात आणि प्रवेशात परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जेआरएफच्या पत्राची मुदत, ते दिल्याच्या तारखेपासून, तीन वर्षांची. म्हणजे माझं 'आजीवन' हे उत्तर १४ पैकी फक्त ४ जणांना लागू होतं. ज्यांना ते सगळ्यात महाग पडलं असतं, तेच संख्येने सगळ्यात जास्त होते.

गठ्ठे पाडून झाले की २०-२५ प्रश्न एखाद्या मित्राला द्या, तुमच्या गठ्ठ्यांच्या व्याख्या द्या आणि त्याला स्वतंत्रपणे वाटणी करायला सांगा. तुमचे गठ्ठे त्याला दाखवू नका. कुठे फरक पडतो ते पाहा. माझ्या मित्राने "नेट झालं, आता पुढे किती वेळ आहे?" हा प्रश्न नोकरीच्या गठ्ठ्यात टाकला, मी प्रवेशाच्या. दोघंही अंदाजच करत होतो. अशा प्रश्नाला गठ्ठ्यात कोंबायचं नाही. विचारणाऱ्यालाच विचारायचं, "प्रवेशासाठी की नोकरीसाठी?" प्रबंधात हाच मेळ कोहेनच्या कापा या आकड्याने मोजतात. तो योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करतो. आपल्या भागासाठी एवढं गणित नको, फरक कुठे पडला ते कळलं तरी पुरे.

तिसरी पायरी निवडीची. एका भागात मी सहाच प्रश्न घेतो. चार सगळ्यात जास्त माणसांनी विचारलेले. उरलेले दोन कमी जणांचे, पण चुकीचं उत्तर मिळालं तर वर्ष वाया जाईल असे. जेआरएफचा दोघांचा प्रश्न असाच आत आला. मार्गदर्शकाशी भांडण, कुणाची वैयक्तिक अडचण असे प्रश्न भागात घेत नाही. तपशील बदलले तरी विभागातल्या लोकांना माणूस ओळखू येतो.

प्रत्येक उत्तराचा साचा ठरलेला आहे. आधी प्रश्न प्रेक्षकाच्याच शब्दांत. मग एका वाक्यात उत्तर. मग हे कुणाला लागू आणि कुणाला नाही. शेवटी मूळ परिपत्रक पडद्यावर, त्याच्या तारखेसह. ही तारीख विसरू नका. व्हिडिओ दोन वर्षांनीही पाहिला जातो, नियम मात्र मध्येच बदललेला असतो. आणि मी यूजीसी-नेटबद्दल बोलतोय, सीएसआयआर-नेटवाल्यांनी स्वतःची पुस्तिका पाहावी, हेही तिथेच सांगतो.

भागाच्या वर्णनात वेळा लिहिल्या की यूट्यूब त्याचे तुकडे पाडून दाखवतं. पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा लागतात आणि प्रत्येक तुकडा किमान १० सेकंदांचा हवा:

```
00:00 या महिन्याचे सहा प्रश्न
00:40 नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला किती चालतात?
04:10 सहायक प्राध्यापकासाठी नेट किती चालते?
06:30 जेआरएफचं पत्र किती काळ वापरता येतं?
```

तुकड्याचं नाव 'नेटबद्दल सर्व काही' असं देऊ नका. शोधणारा आपला प्रश्न शोधत असतो, विषय नाही.

भाग चालला की नाही, हे व्ह्यूजवरून कळत नाही. पुढच्या महिन्याच्या शीटवरून कळतं. तोच प्रश्न त्याच शब्दांत परत आला, तर उत्तर आहे पण सापडत नाही. तेव्हा मी जुन्या व्हिडिओखाली त्या मिनिटाची लिंक पिन करतो. "म्हणजे एक वर्ष निकालापासून की अर्जापासून?" असा प्रश्न आला, तर उत्तर सापडलं पण अपुरं होतं. ते पुढच्या भागात पूर्ण करायचं. (निकाल जाहीर झाल्यापासून, हे मी पहिल्याच भागात सांगायला हवं होतं.)

या पद्धतीची एक मर्यादा धरून चाला. शीटमध्ये येतात ते फक्त विचारणारे. जे लाजतात किंवा ज्यांना आपलं चुकतंय हेच माहीत नसतं, ते मोजणीत येत नाहीत. त्या मुलीने आधी काहीच विचारलं नव्हतं. तिने दुसऱ्याला दिलेलं माझं उत्तर वाचलं होतं.