डिशवॉशरमध्ये काळा पडलेला मोका पॉट

काल एका मैत्रिणीने फोटो पाठवला: तिचा चकचकीत मोका पॉट डिशवॉशरमधून काळपट होऊन निघाला होता, हात लावला की बोटं करडी.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच धातूला जपतो. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते. गरम पाण्यात ती हा थर खाते आणि उघडा पडलेला धातू काळवंडतो.

उपाय सोपा आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, लिटरमागे दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूफूल घाला. रबर काढून सुटे भाग त्यात दहा मिनिटं मंद उकळा, मऊ स्पंजने घासा, धुऊन कोरडे करा. काळेपणा बराच उतरतो, मूळची चकाकी मात्र परत येत नाही. रोज नुसतं गरम पाणी पुरे. तारेची घासणी नको.

भांडं उघडलंच आहे तर रबरही बघा. ते कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा कॉफी होताना आट्यांतून वाफ फुसफुसत असेल, तर बदला. चमच्याच्या दांड्याने कडेने उचकटलं की रबर निघतं आणि मागची जाळी खाली पडते. जाळी उजेडात धरा. भोकं बुजलेली असतील तर टाचणीने मोकळी करा, वाकली असेल तर नवीच घ्या. आधी जाळी, मग रबर, सगळीकडून सारखं दाबून बसवा.

रबर घेताना कंपनी आणि कपांचा आकार, दोन्ही जुळवा. तीन कपांचं रबर सहा कपांच्या पॉटला बसत नाही.

तुमच्या पॉटची काही अडचण असेल तर फोटोसकट विचारा.