सोललेलं संत्रं बुडतं का?

मधल्या सुट्टीनंतरचा तास. सातवीचा वर्ग, पन्नासेक मुलं. कुणाच्या हातात अजून डबा आहे, कुणी धावून आल्यामुळे धापा टाकतंय, मागच्या बाकावर मैदानातलं भांडण चालूच आहे. अशा वेळी ‘शांत बसा’ म्हणत टेबलावर डस्टर आपटण्यात तासाची पहिली पाच मिनिटं जातात. वर्ग शांत झाला तरी मुलांची डोकी मैदानातच असतात. मी हे बरीच वर्षं केलं.

आता घनतेचा पाठ असला की मी काही न बोलता टेबलावर पाण्याने भरलेली मोठी पारदर्शक बरणी ठेवते आणि तिच्या शेजारी दोन संत्री, एक सालीसकट आणि एक सोललेलं. फळ्यावर फक्त एवढंच लिहिते : ‘दोन्ही पाण्यात सोडली तर? तरंगेल की बुडेल? वहीत लिहा.’ भांडणारी मुलंही वर बघतात, कारण संत्र्याचं पुढे काय होणार हे त्यांनाही जाणून घ्यायचं असतं.

वहीत लिहायला एक मिनिट पुरतं. ते मिनिट वाचवू नये. थेट हात वर करायला सांगितलं की निम्मी मुलं वर्गातल्या हुशार मुलाच्या हाताकडे बघून हात वर करतात. वहीत लिहिलेला अंदाज मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि तो खरा ठरतो का हे बघायची ओढही त्यालाच लागते. मग हात मोजून आकडे फळ्यावर मांडायचे आणि दोन-तीन मुलांना कारण विचारायचं. ‘बाई, साल काढली म्हणजे हलकं झालं, मग तेच तरंगणार,’ असं कुणीतरी म्हणतंच. त्यावर बरोबर-चूक काही सांगायचं नाही. मानही हलवायची नाही, कारण मुलं शिक्षकाचा चेहरा फार चटकन वाचतात.

आता सालीसकट संत्रं पाण्यात सोडायचं. ते तरंगतं. मग सोललेलं सोडायचं. ते तळाशी जातं. वर्गात जो गलका होतो, त्याला दटावू नये. तो पाठाविषयीचाच असतो. तेवढ्यात प्रश्न टाकायचा : ‘वजन तर कमी झालं, मग बुडलं कसं?’ इथे पाच मिनिटं संपतात आणि याच प्रश्नावरून पाठ पुढे सरकतो. समजा, सालीसकट संत्रं १५० ग्रॅमचं आहे आणि त्याने १७० घनसेंटिमीटर जागा व्यापली आहे. सोलल्यावर ते ११५ ग्रॅमचं झालं, पण जागा ११० घनसेंटिमीटरच उरली. वजन घटलं, पण जागा त्याहून जास्त घटली, कारण सालीत आणि सालीखाली हवा होती. एका घनसेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. आता भागाकार मुलं आपणहून करतात.

अंदाजाला एवढं महत्त्व का? हार्वर्ड विद्यापीठात कॅथरीन क्राउच, एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात याचा अभ्यास केला आणि २००४ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज तो न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. आधी अंदाज नोंदवलेल्यांची समज मात्र अधिक चांगली होती, आणि त्यासाठी जास्तीचा वेळ लागला तो दोनेक मिनिटांचा. म्हणून सुरुवातीला फुगे फोडणं, विनोद सांगणं किंवा टाळ्यांचे खेळ घेणं मला पुरेसं वाटत नाही. वर्ग गोळा होतो खरा, पण खेळ संपल्यावर पाठाकडे वळवताना पुन्हा पांगतो. सुरुवातीचा प्रश्न हा त्या दिवसाच्या पाठाचाच प्रश्न हवा. अपूर्णांकांच्या तासाला चिक्कीची वडी दाखवून ‘एक तृतीयांश घ्याल की एक चतुर्थांश?’ एवढं विचारलं तरी चालतं. तीनपेक्षा चार मोठा म्हणून चतुर्थांश मागणारी मुलं हमखास निघतात.

फसण्याच्या जागाही सांगते. संत्रं वर्गात सोलत बसलं की दीड मिनिट जातं आणि वर्ग हातचा सुटतो, म्हणून ते आधीच सोलून न्यावं. बरणी बुटकी असेल तर मागच्या बाकांना काही दिसत नाही. सुरुवात रंगली म्हणून ती बारा मिनिटं ताणली तर मूळ पाठ उरकावा लागतो. आणि सुरुवात कामी आली की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळतं. ‘काल काय केलं?’ असं विचारल्यावर सगळे ‘संत्रं!’ म्हणून ओरडले, पण ‘ते का बुडलं?’ यावर वर्ग गप्प झाला, तर आदल्या दिवशी फक्त करमणूक झाली असं समजावं.

शिक्षकांना एक विनंती. सगळी संत्री सारखी नसतात. फोडींच्या मधली पोकळी मोठी असेल तर सोललेलं संत्रंही तरंगतं आणि भर वर्गात पंचाईत होते. घट्ट, भरीव फळ निवडा, त्याचे पांढरे धागे काढा आणि वर्गात नेण्याआधी आदल्या रात्री घरच्या बादलीत एकदा सोडून पाहा.