विश्लेषण : पाणी उकळून चुलीची परीक्षा कशी घेतात? लाकडातील उष्णता नेमकी जाते कुठे?

चूल चांगली की वाईट, हे ठरवण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत अगदी साधी आहे. मोजून लाकूड घ्यायचे, मोजून पाणी घ्यायचे आणि ते उकळायचे. तीन दगडांची चूल, मातीची चूल आणि ‘सुधारित’ म्हणून विकली जाणारी धातूची चूल यांची तुलना याच चाचणीत होते. मात्र या चाचणीत मिळणारा टक्का वाचण्याची एक पद्धत आहे. ती माहीत नसेल तर जास्त लाकूड खाणारी चूलही जास्त कार्यक्षम वाटू शकते.

चाचणी नेमकी कशी होते?

या चाचणीला ‘वॉटर बॉइलिंग टेस्ट’ म्हणतात. तिचे आंतरराष्ट्रीय स्वरूप १९८०च्या दशकात ठरले आणि पुढे त्यात अनेकदा सुधारणा झाल्या. पातेल्यात ५ लिटर पाणी घेतात. झाकण ठेवत नाहीत. तापमापक पाण्याच्या मधोमध, तळापासून काही सेंटिमीटर वर लटकवतात. लाकडाची जुडी ग्रॅमपर्यंत तोलून ठेवतात आणि त्यातील ओलावा मोजून नोंदवतात.

पहिल्या टप्प्यात चूल पूर्ण थंड असते. जाळ पेटवून पाणी शक्य तितक्या लवकर उकळीला आणतात. उकळी येताच लाकडे बाहेर काढून विझवतात, त्यांना चिकटलेला कोळसा झटकून वेगळा करतात आणि उरलेले लाकूड, कोळसा व पाणी तिन्ही तोलतात. हे काही मिनिटांत उरकावे लागते, कारण निखारे जळतच असतात. दुसऱ्या टप्प्यात तापलेल्या चुलीवर नवे थंड पाणी ठेवून हेच पुन्हा करतात. तिसऱ्या टप्प्यात पाणी ४५ मिनिटे उकळीच्या किंचित खाली राखतात. डाळ मंद आचेवर शिजत ठेवावी, तसा हा भाग.

उकळीचे तापमान सगळीकडे १०० अंश नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर महाबळेश्वरला ९६ अंशांच्याही खाली. म्हणून चाचणीआधी त्या ठिकाणचा उत्कलनबिंदू मोजून घेतात. पुण्यात १०० अंशांची वाट पाहत बसले तर पाणी फक्त वाफ होत राहील.

हिशेब कसा मांडतात?

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजण्यासाठी निवडलेले आहेत. पुण्यात तीन दगडांच्या चुलीवर ५ लिटर पाणी २५ अंशांवरून ९८ अंशांवर नेले. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ७३ अंशांसाठी पाण्याने घेतलेली उष्णता सुमारे १.५३ मेगाज्यूल झाली. या काळात १५० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. वाफ होण्यासाठी किलोमागे २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणून त्यात आणखी ०.३४ मेगाज्यूल मिळवायचे. एकूण उपयोगी उष्णता १.८७ मेगाज्यूल.

आता जळणाची बाजू. ७५० ग्रॅम लाकूड संपले. साधारण १० टक्के ओलावा असलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे १६ मेगाज्यूल मिळतात असे धरले, तर आत गेलेली उष्णता १२ मेगाज्यूल. पण शेवटी ४० ग्रॅम कोळसा उरला. त्यातील सुमारे १.१६ मेगाज्यूल ऊर्जा अजून जळलेली नाही, म्हणून ती वजा करतात. उरले १०.८४. एक पूर्णांक सत्त्याऐंशी भागिले हा आकडा, म्हणजे कार्यक्षमता सुमारे १७ टक्के. कोळसा वजा करायचा राहिला असता तर उत्तर साडेपंधरा टक्के आले असते.

तेच पाणी ‘रॉकेट’ चुलीवर तापवताना ४०० ग्रॅम लाकूड संपले, १५ ग्रॅम कोळसा उरला आणि १२० ग्रॅम वाफ झाली, तर हाच हिशेब सुमारे ३० टक्के दाखवतो. पाणी तेच, उकळी तीच, लाकूड मात्र जवळपास निम्मे.

उरलेली उष्णता जाते कुठे?

लाकूड नीट जळत नाही, म्हणून उष्णता वाया जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तीन दगडांच्या चुलीतही लाकडातील नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा ज्वाळेत मोकळी होते. न जळलेला भाग धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. तो आरोग्याला घातक असतो, पण जळणाच्या हिशेबात छोटा असतो. मोठी गळती पुढे होते. तापलेले वायू पातेल्याच्या तळाला ओझरता स्पर्श करून बाजूंनी निघून जातात आणि वारा ज्वाळेलाच पातेल्याखालून बाजूला ढकलतो.

रॉकेट चूल इथेच फरक पाडते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील ॲप्रोव्हेचो संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ही रचना विकसित केली. त्यात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या वळणाची, उष्णतारोधक भिंतींची उभी नळी असते. ज्वाळा नळीतच पूर्ण जळते. वर आलेले वायू पातेल्याभोवती बसवलेल्या पत्र्याच्या कड्यातून, अरुंद फटीतून जातात आणि तळासोबत बाजूही तापवतात. फट रुंद झाली की वायू पातेल्याला न शिवता निसटतात. ती फार अरुंद झाली की ओढ कमी होऊन धूर पुढच्या तोंडातून येतो. त्यामुळे कड्याच्या मापाचे पातेले सोडून लहान पातेले ठेवले, की त्याच चुलीची कार्यक्षमता खाली येते.

जाड मातीची चूल वाचवते की खाते?

मातीच्या भिंती उष्णता ‘धरून ठेवतात’, हे खरे आहे. पण ती उष्णता आधी लाकडातूनच घेतलेली असते. चाळीस किलो मातीची चूल सरासरी ६० अंशांनी तापली, तर तिच्यात सुमारे २ मेगाज्यूल उष्णता मुरते. वरच्या उदाहरणातील ५ लिटर पाण्याला उकळीपर्यंत न्यायला लागलेल्या उष्णतेपेक्षा ही जास्त आहे.

थंड आणि तापलेल्या चुलीवर दोनदा चाचणी घेण्याचे कारण हेच. थंड असताना ८०० ग्रॅम लाकूड घेणारी मातीची चूल तापल्यावर ६८० ग्रॅममध्ये तेच काम करत असेल, तर फरक भिंतींनी खाल्लेला असतो. पत्र्याच्या हलक्या चुलीत हा फरक थोडा असतो. सकाळी फक्त चहा आणि संध्याकाळी फक्त भात करणाऱ्या घरात जाड चूल प्रत्येक वेळी नव्याने तापवावी लागते, तिथे तोटा होतो. तासन् तास पेटत राहणाऱ्या चुलीत तोच तोटा विरून जातो. वैलावर दुसरे भांडे ठेवले, तर पुढे निसटणारी उष्णता काही प्रमाणात कामी लागते.

टक्का फसवतो कधी?

तिसऱ्या, मंद आचेच्या टप्प्यात. या सूत्रात वाफ ‘उपयोगी काम’ म्हणून मोजली जाते. समजा, एका चुलीने ४५ मिनिटांत ३०० ग्रॅम लाकूड घेतले आणि ४५० ग्रॅम पाणी उडाले. दुसरीची आच कमीच करता येत नाही, म्हणून तिने ६०० ग्रॅम लाकूड घेतले आणि १२०० ग्रॅम पाणी उडवले. सूत्रानुसार पहिलीची कार्यक्षमता सुमारे २१ टक्के, तर दुसरीची २८ टक्के. प्रत्यक्षात दुसरीने दुप्पट लाकूड जाळले आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने जास्त काहीच केले नाही. डाळ वाफ किती झाली यावर शिजत नाही, पाणी किती वेळ गरम राहिले यावर शिजते. म्हणून मंद आचेसाठी टक्क्याऐवजी शेवटी उरलेल्या पाण्यामागे किती लाकूड लागले, हा आकडा पाहतात.

भारतीय मानक ‘आयएस १३१५२’ ही अडचण वेगळ्या वाटेने टाळते. त्यात पाणी ९५ अंशांपर्यंत ढवळत तापवतात आणि लगेच ते भांडे उतरवून थंड पाण्याचे दुसरे भांडे ठेवतात. वाफ मोजायची वेळच येत नाही. पाण्यासोबत ॲल्युमिनियमच्या भांड्याने घेतलेली उष्णताही हिशेबात धरतात. २०१३च्या सुधारित मानकानुसार पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. धूलिकण व कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

दोन चाचण्यांचे आकडे का जुळत नाहीत?

मुख्य कारण ओलावा. १० टक्के ओलाव्याच्या किलोभर लाकडातून सुमारे १६ मेगाज्यूल मिळतात. पावसाळ्यात २५ टक्के ओले झालेले लाकूड जेमतेम १३ देते. दोन्ही लाकडे नुसती तोलली, तर पावसाळ्यात चूल बिघडल्यासारखी वाटेल. दुसरे कारण जाळ घालणारा हात. बारीक ढलप्या थोड्या-थोड्या आत सरकवणारी व्यक्ती आणि तीन जाड लाकडे एकदम कोंबणारी व्यक्ती, एकाच चुलीवर वेगवेगळे निकाल आणतात. म्हणून प्रत्येक चूल किमान तीनदा तपासतात. तिन्ही निकाल १८, २४ आणि २१ टक्के असे विखुरले असतील आणि दुसरी चूल २३ दाखवत असेल, तर दुसरी चांगली असा निष्कर्ष काढता येत नाही. चाचण्या वाढवाव्याच लागतात.

मग घरात लाकूड वाचेल का?

हे पाणी उकळून कळत नाही. भाकरीसाठी तव्याखाली पसरलेली आच लागते आणि भाकरी शेवटी निखाऱ्यांपुढे फुगवायची असते. जवळजवळ सगळा कोळसा जाळून टाकणारी, अरुंद नळीतून एकाच जागी ज्वाळा देणारी चूल चाचणीत पहिली येऊनही भाकरीच्या घरात कोपऱ्यात पडू शकते. धुराड्याच्या चुलीचेही तसेच आहे. धूर घराबाहेर जातो, हा तिचा खरा फायदा. पण ओढ जास्त झाली तर धुराबरोबर उष्णताही बाहेर जाते आणि जळण वाढू शकते.

म्हणून पुढे आणखी दोन चाचण्या असतात. एकीत ठरलेला पदार्थ स्थानिक स्वयंपाकी दोन्ही चुलींवर शिजवतात आणि लाकूड तोलतात. दुसरीत घरातले सरपण रोज तोलून, जेवणाऱ्या माणसांमागे किती जळण लागले हे अनेक दिवस नोंदवतात. पाण्याची चाचणी चुलीच्या रचनेत गळती कुठे आहे, हे दाखवते. मोळी निम्मी झाली का, हे मात्र घरातील सरपणाच्या वजनावरूनच कळते.