केस परत आले, पण श्रेय कुणाचं?

यवतमाळ जिल्ह्यात पावसाळा सरता सरता डेंग्यू, चिकनगुनियाचा ताप घरोघरी येतो. समजा, पुसदमधल्या एका बाईला सप्टेंबरात डेंग्यू झाला. ती बरी होऊन कामाला लागली आणि डिसेंबरात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. कुणीतरी कलौंजीचं तेल सुचवलं. मार्चपर्यंत गळती थांबली, कपाळावर बारीक नवे केस दिसू लागले. तेलानं गुण आला, असं तिला वाटणं अगदी साहजिक आहे.

आता केसांच्या बाजूनं बघू. तीव्र तापात, बाळंतपणात किंवा रक्त कमी झाल्यावर वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था दोन-तीन महिने टिकते, म्हणून गळती तापानंतर उशिरा सुरू होते. मूळ कारण संपलेलं असेल तर ती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. डॉक्टर याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. म्हणजे माणूस तेल लावायला घेतो तोवर केस परतीच्या वाटेला लागलेले असतात.

कलौंजीचा केसांवरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास नेमका याच गळतीवर झाला आहे. २०१३ साली इटलीतल्या संशोधकांनी २० जणांवर तो केला. निम्म्यांना ०.५ टक्के कलौंजीचं लोशन तीन महिने दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं. कलौंजीच्या गटात ७० टक्के लोकांना फरक पडला. तुलनेला दुसरा गट होता, ही या अभ्यासाची जमेची बाजू. पण ७० टक्के म्हणजे दहातले सात जण! एवढ्या थोड्या माणसांवरून टकलावर केस उगवतात असं म्हणता येत नाही. टक्कल पडलेल्यांवर तो अभ्यास नव्हताच. शिवाय कलौंजीतलं थायमोक्विनोन हे मुख्य द्रव्य तेलातेलात कमी-जास्त असतं, आणि उष्णतेनं ते घटतं. घरी खोबरेल तेलात बिया कढवल्या तर त्यात ते किती उरलं, हे कळायला मार्ग नाही.

त्वचेबाबत थोडी आशा आहे. इराणमध्ये हाताच्या इसबावर ६० जणांवर चार आठवडे केलेल्या चाचणीत कलौंजीचं मलम बीटामेथासोनच्या बरोबरीनं उतरलं. मात्र याच तेलाची काहींना ॲलर्जी येते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघावं. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नये.

कलौंजीनं प्रतिकारशक्ती वाढते, हा दावा सर्वांत कच्चा. सौदी अरेबियातल्या २०२१च्या कोविड चाचणीत तेलाच्या कॅप्सूल घेणारे ६२ टक्के, न घेणारे ३६ टक्के रुग्ण १४ दिवसांत बरे झाले. पण आपण काय घेतोय हे रुग्णांना माहीत होतं आणि बरं वाटणं त्यांच्याच सांगण्यावरून मोजलं होतं.

गळती सहा महिन्यांनंतरही चालू असेल, तर नवी बाटली आणण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या.